हिंगात दडलेला गहू

पातळ पोह्यांचा चिवडा जर्मनीतल्या दुकानात विकायचा, तर पाकिटावरची घटकांची यादी जर्मनमध्ये द्यावी लागते. युरोपीय संघाचा 1169/2011 हा नियम डिसेंबर 2014 पासून लागू आहे. माल जिथे विकला जातो तिथल्या ग्राहकाला सहज कळेल अशाच भाषेत माहिती हवी, असं तो सांगतो. मग इथला कारखानदार काय करतो? देशी पाकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर अनुवादकाला पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत जर्मन करून मागतो. पुढच्या बहुतेक चुका या फोटोतूनच सुरू होतात. देशी लेबल देशी नियमांना पुरेल एवढंच बोलतं. अनुवादकाला खरी गरज असते ती कारखान्यातल्या पाककृतीची, तीही वजनांसकट, आणि प्रत्येक कच्च्या मालाच्या पुरवठादाराने दिलेल्या घटकतक्त्याची.

हे किती महत्त्वाचं आहे ते हिंगावरून कळतं. चिवड्याच्या यादीत हिंग अगदी शेवटी येतो, एका शब्दात. त्याचा जर्मन प्रतिशब्द शोधून लिहिला की काम झालं असं वाटतं. पण फोडणीत पडतो तो बहुतेक वेळा बांधानी हिंग. शुद्ध हिंग म्हणजे फेरुला नावाच्या वनस्पतीच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र आणि चिकट असतो की सुटा वापरणं अवघड, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. हे पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीच्या मागच्या बाजूला ते बारीक अक्षरात छापलेलंही असतं, पण चिवड्याच्या पाकिटापर्यंत ती माहिती पोचत नाही.

आता हिशेब मांडून पाहू. समजा शंभर किलोच्या घाण्यात 100 ग्रॅम हिंग पडला आणि त्यातलं निम्मं गव्हाचं पीठ आहे. म्हणजे 50 ग्रॅम पीठ शंभर किलोंत, एका किलोला 500 मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर किलोमागे 40 ते 50 मिलिग्रॅम ग्लुटेन होतं. युरोपात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. पोहे तांदळाचे, डाळं हरभऱ्याचं, शेंगदाणे, खोबरं, गहू कुठेच नाही, असं म्हणून विक्री विभागाने पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘ग्लुटेनमुक्त’ छापायची मागणी केली, तर ती इथे अडते. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने त्या शब्दावर विश्वास ठेवून मूठमूठ चिवडा खाल्ला, तर आतड्याला इजा होते, आणि ती लगेच जाणवेलच असं नाही.

घटक इतका कमी असताना लिहायलाच हवा का, हा कारखानदाराचा नेहमीचा प्रश्न. मिश्रणाचं प्रमाण दोन टक्क्यांखाली असेल तर काही बाबतीत त्याची फोड न देण्याची सवलत त्या नियमात आहे खरी. पण अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकाला ती सवलत नाही. तेव्हा हिंगापुढे कंस उघडून गहू लिहावाच लागतो, आणि तोही ‘ग्लुटेन’ असा मोघम नाही, धान्याचं नाव घेऊन: वाइत्सेन.

दुसरी गफलत होते ती दोन्हीकडच्या याद्यांमधल्या फरकामुळे. भारताच्या 2020 च्या लेबल नियमांत अ‍ॅलर्जीच्या घटकांचे आठ गट आहेत. युरोपच्या यादीत चौदा. ज्यांची नावं इथे नाहीत आणि तिथे आहेत, त्यांत मोहरी आणि तीळ आहेत, आणि हे दोन्ही आपल्या फोडणीतले. भारतीय पाकिटाच्या तळाशी ‘शेंगदाणे आणि काजू आहेत’ अशी ओळ असते. ती जशीच्या तशी जर्मनमध्ये नेली, तर प्रत्येक शब्द बरोबर आणि लेबल चूक. तिळाच्या बाबतीत ही गोष्ट किती गंभीर असू शकते, ते 2016 मध्ये दिसलं. नताशा एडनन-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी ब्रिटनमध्ये घेतलेलं बॅगेट खाऊन दगावली. पावाच्या कणकेत तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर 2021 पासून ब्रिटनमध्ये लागू झालेला लेबलचा कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो.

मांडणीही बदलावी लागते. जर्मनीत अ‍ॅलर्जीचा घटक यादीतच, आपल्या जागी, ठळक अक्षरात उठून दिसायला हवा. खाली वेगळी ओळ देऊन त्याची पुनरुक्ती करण्याची पद्धत तिथे नाही. म्हणून आपल्या चिवड्याच्या जर्मन यादीत शेंगदाणे, काजू, मोहरी, तीळ आणि हिंगाच्या कंसातला गहू, असे पाच शब्द ठळक होतात. बेदाणे घातले असतील आणि ते गंधकाची धुरी दिलेले असतील, तर सल्फाइटचाही विचार करावा लागतो. तयार चिवड्यात ते किलोला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की सहावा शब्द. तो लिहायचा की नाही हे शब्दकोश सांगू शकत नाही, प्रयोगशाळाच सांगते. नमुना तपासायला पाठवायचा, हाच त्यावरचा मार्ग.

क्रमांकांचं काम त्या मानाने सोपं वाटतं. आयएनएस 330 म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, युरोपात ई 330. आकडा तोच. पण आकड्याआधी तो पदार्थ काय काम करतो तेही लिहायचं असतं, आणि इथे पाय घसरतो. आपल्याकडे त्याला ‘आम्लता नियंत्रक’ म्हणतात. युरोपात आंबटपणा आणणारा आणि आम्लता नियंत्रित ठेवणारा, असे दोन वेगळे वर्ग आहेत. चिवड्यात सायट्रिक अ‍ॅसिड लिंबाच्या चवीसाठी पडतं, म्हणून जर्मनमध्ये झॉयरुंग्समिटेल. भारतीय लेबलवरून शब्दशः उचललं तर दुसराच वर्ग छापला जातो.

याच कारखान्याने रंगीत बडीशेपेच्या गोळ्याही पाठवायचं ठरवलं, तर प्रश्न भाषेच्या पलीकडे जातो. पिवळ्या रंगासाठी 102 क्रमांकाचं टार्ट्राझिन असेल, तर मुलांच्या चंचलतेवर आणि एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना युरोपात पाकिटावर बंधनकारक आहे. भारतीय पाकिटावर ती नसतेच, म्हणजे अनुवाद करायला मूळ वाक्यच नाही. तिचं जर्मन वाक्यही आपण रचायचं नसतं. ते संबंधित नियमाच्या जर्मन प्रतीत आयतं आहे, तेच अक्षरशः घ्यायचं. पांढऱ्या थरासाठी 171, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड वापरलं असेल, तर लेबल लिहायलाच बसू नये. क्रमांकांच्या जागतिक यादीत तो आजही आहे, पण युरोपने 2022 मध्ये खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. अचूक अनुवाद केलेलं लेबल लावूनही तो माल परतच येणार. हे सांगणं मी अनुवादकाच्या कामाचाच भाग मानते, कारण घटकांची यादी पाककृतीपाशी बसून ओळीओळीने वाचणारी व्यक्ती अनेकदा तीच एक असते.

लेबल तयार झाल्यावर तपासणी उलट दिशेने करावी. ज्याने अनुवाद केला नाही अशा माणसाने पाककृती हातात घ्यायची, प्रत्येक कच्च्या मालाच्या पिशवीवरचे घटक मोठ्याने वाचायचे आणि जर्मन यादीत त्यावर बोट ठेवायचं. ज्यावर बोट ठेवता येत नाही तो घटक राहून गेलेला. आणि लेबलवर जे आहे पण कोणत्याच पिशवीत नाही, ते बहुधा जुन्या पाककृतीतून आलेलं.

काही कारखाने आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग घेऊ लागले आहेत. मग कंसातला गहू निघतो आणि तांदळाचं पीठ येतं. ते ठळक करायची गरज नसते. पण हिंग बदलला तरी स्टिकरचे जुने गठ्ठे गोदामात पडून असतात, आणि जुना हिंग संपेपर्यंत दोन्ही प्रकारचा चिवडा एकाच आठवड्यात भरला जातो. कोणत्या बॅचला कोणता स्टिकर, याची नोंद पॅकिंगच्या टेबलावरच ठेवावी लागते. शिवाय हे तांदळाचं पीठ ज्या चक्कीत दळतात तिथे आधी गहू दळला जात असेल, तर ‘अंश असू शकतात’ ही सूचना द्यायची का, याचा निर्णय चक्की पाहून आणि नमुना तपासून कारखान्याने घ्यायचा असतो. तो झाल्याशिवाय अनुवादकाने ते वाक्य स्वतःहून घालूही नये आणि गाळूही नये.