पश्मिन्याची पारख

‘अंगठीतून गेली की शाल अस्सल’ हे श्रीनगरच्या बाजारात पर्यटकांना हमखास ऐकवलं जातं. पण पातळ रेशीम किंवा व्हिस्कोसची शालही अंगठीतून सहज जाते. त्यामुळे या परीक्षेवर विसंबू नये.

खरा पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांची अंगालगतची मऊ लव. तिचा तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉन जाडीचा असतो. हातमागावरची शाल उजेडासमोर धरली, तर वीण किंचित कमी-जास्त दिसते. अगदी एकसारखी वीण आणि काचेसारखी चकाकी दिसली, तर शंका घ्यावी.

घरी कडेचा एखादा सुटा धागा जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर ती लोकर. कागदासारखा वास आला तर व्हिस्कोस, आणि वितळून कडक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. मात्र मेंढीची लोकरही पश्मिन्यासारखीच जळते. हा फरक सूक्ष्मदर्शकच दाखवतो, म्हणून महाग शाल घेताना प्रयोगशाळेत तपासलेल्या मालावरचं जीआय लेबल बघावं.

धुताना थंड पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू मिसळून शाल चार-पाच मिनिटं हलकेच दाबावी. गरम पाणी आणि चोळण्याने तंतू एकमेकांत गुंतून शाल आटते. कपड्यांच्या पावडरीतली एन्झाइम्स लोकरीतलं प्रथिनच खातात. शाल पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावं आणि सावलीत सपाट पसरावी. भरतकामाचा रंग जाण्याची भीती असेल, तर ड्रायक्लीनच बरं.