टेस्टर पेटला नाही म्हणून…
(कारागीर निघाले परदेशी : भाग ६)

गेल्या आठवड्यात वेल्डरची परीक्षा पाहिली. त्याचा निकाल पाइपवरच्या सांध्यात असतो; पट्टी कापून वाकवली की भेग दिसते. इलेक्ट्रिशियनच्या परीक्षेत मात्र बल्ब लागला एवढ्याने भागत नाही, तो कसा लावला हे परीक्षक शेजारी उभा राहून बघतो.

ऑस्ट्रेलियाचंच घ्या. ‘ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया’च्या व्यवस्थेत आधी कागद तपासतात. त्यात आयटीआयचं प्रमाणपत्र आणि मालकाची पत्रं येतात. पत्रात नुसतं ‘मेंटेनन्सचं काम चांगलं करतो’ असेल तर उपयोग नाही. कोणत्या पॅनलवर, कोणत्या मोटरवर, कधीपासून कधीपर्यंत काय केलं, ते हवं. मग तांत्रिक मुलाखत आणि प्रात्यक्षिक.

समजा, चाकणच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेला एक वायरमन प्रात्यक्षिकाला उभा आहे. बिघडलेलं सर्किट दुरुस्त करायचंय. सवयीने तो एमसीबी पाडतो, खिशातला निऑन टेस्टर टेकवतो, दिवा लागत नाही म्हणून तारेला हात घालतो. इथंच तो अडकतो. टेस्टरचा दिवाच गेला असेल तर? उन्हात दिसलाच नसेल तर? शिवाय तो दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या इवल्याशा प्रवाहावर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की मिणमिणतो.

परीक्षकाला हवी ती रीत अशी. एमसीबी पाडून तिला कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावायची. मग दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर आधी चालू पुरवठ्यावर लावून तो शाबूत आहे हे बघायचं. त्यानंतर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तपासायचं, आणि शेवटी टेस्टर पुन्हा त्या चालू पुरवठ्यावर लावायचा, कारण मधल्या दोन मिनिटांतही तो बिघडू शकतो. हे शेवटचं पाऊल बऱ्याचदा विसरलं जातं.

दुरुस्तीनंतर मेगर. ५०० व्होल्ट डीसीवर तारा आणि अर्थ यांच्यात तिथल्या नियमांनुसार साधारणपणे किमान १ मेगओहम यावं लागतं. समजा आलं ०.३. मग लोड सोडवून, एकेक शाखा वेगळी करून मोजायची. जी शाखा काढल्यावर आकडा उसळी मारतो, तिथं दोष. फेज-न्यूट्रल आधी एकत्र बांधायचे, नाहीतर मेगरच आत राहिलेला एखादा एलईडीचा ड्रायव्हर जाळेल. आमच्याकडे हे काम बरेचजण ‘चालू झालं ना’वर सोडून देतात, हे खरं.

पास झालं तरी हाती येतं ते कौशल्याची नोंद, परवाना नव्हे. तिथं उतरल्यावर देखरेखीखाली काम करायचं, तिथल्या वायरिंग नियमांचं उरलेलं शिक्षण घ्यायचं, आणि मग पूर्ण परवाना देणार ते तिथलं राज्य. तोवर बारा वर्षांचा अनुभवी माणूसही एकट्याने साधा प्लगपॉइंट बसवू शकत नाही.

(पुढील भागात : पत्रं लिहायला मालकच उरला नसेल तर)