हिरवं बटण दाबण्याआधी

समजा, सोलापूरची एक मुलगी चीनमध्ये एमबीबीएस करते आहे. तिला निवास परवान्याची मुदत वाढवून घ्यायची आहे, त्यासाठी पासपोर्टची प्रत आणि विद्यापीठाचं पत्र छापून हवं आहे. दोन्ही फाइली फोनमध्ये, वीचॅटवर आहेत. होस्टेलजवळच्या प्रिंटच्या दुकानात ती जाते. भिंतीला लागून चार-पाच संगणक, गिऱ्हाइकांनी आपापली फाइल उघडायची आणि छापायची. दुकानदार एका संगणकाकडे बोट दाखवतो. पडद्यावर वीचॅटची छोटी खिडकी आणि तिच्यात क्यूआर कोड. ती फोन पुढे धरते, ‘टिक’ आवाज होतो आणि फोनवर एक मोठं हिरवं बटण उमटतं. मागे रांग आहे. अंगठा आपोआप बटणाकडे जातो.

त्या क्षणी फोनवर दोन-तीन ओळींचा मजकूर असतो. तो वाचायला पाच सेकंद लागतात, आणि त्या पाच सेकंदांत काय पाहायचं एवढंच मला इथे सांगायचं आहे.

वीचॅट भारतात 29 जून 2020 पासून बंद आहे. त्या दिवशी सरकारने ज्या 59 ॲपवर बंदी घातली, त्यांत ते होतं. त्यामुळे इथल्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही. पण चीनमध्ये शिकणारी आपली मुलं, यिवू-ग्वांगचौला माल घ्यायला जाणारे व्यापारी, तिथल्या कारखान्यांत कामाला असलेले अभियंते यांचं त्याच्याशिवाय पान हलत नाही. टेन्सेंट कंपनीने 2011 साली आणलेलं हे ॲप तिथे ‘वेइशिन’ (微信) म्हणून ओळखलं जातं. गप्पा, भाजीचे पैसे, हॉटेलचं मेनूकार्ड, वर्गाची सूचना, सगळं त्यातच. आणि यातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात एकाच जागेवरून होते. वरच्या कोपऱ्यातल्या अधिक चिन्हावर बोट ठेवायचं आणि 扫一扫 (साओ-ई-साओ, म्हणजे ‘जरा स्कॅन कर’) निवडायचं.

गोंधळाचं मूळ इथे आहे. आपल्या व्हॉट्सॲपवर संगणक जोडायचा असेल, तर आधी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या जागी जावं लागतं. म्हणजे कॅमेरा उघडण्याआधीच आपण काय करतो आहोत हे आपल्याला ठाऊक असतं. वीचॅटमध्ये तसं नाही. भाजीवाल्याला पैसे देणं, नवा मित्र जोडणं, चहाची ऑर्डर देणं आणि परक्या संगणकाला आपलं खातं उघडून देणं, या सगळ्यांना एकच स्कॅनर. दिवसात वीस वेळा स्कॅन करणाऱ्या माणसाला एकविसावं स्कॅन वेगळं वाटत नाही. ते वेगळं आहे हे सांगणारी एकच जागा उरते, ती म्हणजे स्कॅननंतर येणारं खात्रीचं पान.

आत काय घडतं ते कळलं, की या पानाचं वजन कळतं. संगणकावरचा कोड म्हणजे पासवर्ड नव्हे. त्या संगणकाने वीचॅटच्या सर्व्हरकडून मागून घेतलेला तो एका वेळेचा क्रमांक असतो. काही मिनिटांत तो बाद होतो आणि नवा घ्यावा लागतो. संगणक तो दाखवत बसतो आणि अधूनमधून सर्व्हरला विचारत राहतो, कोणी आलं का? आपला फोन आधीच खात्यात शिरलेला असतो. तो कोड वाचून सर्व्हरला कळवतो, की अमुक क्रमांकाच्या संगणकासमोर मी उभा आहे. तोवर संगणकावर आपला फोटो येतो आणि ‘फोनवर खात्री करा’ असा निरोप दिसतो. खातं मात्र अजून उघडलेलं नसतं. हिरवं बटण दाबलं, की सर्व्हर त्या संगणकाच्या हातात आपल्या खात्याची किल्ली ठेवतो. स्कॅन करताना आपण काहीतरी घेतो आहोत असं वाटतं, पण इथे आपण देत असतो. म्हणून नुसतं स्कॅन झालं तर घाबरायचं कारण नाही. बटण दाबलं नसेल, तर 取消 (छ्यु-श्याओ, रद्द) करून बाहेर पडता येतं.

आता ते पान वाचू. हिरव्या बटणावर 登录 (तंग-लू) लिहिलेलं असतं, म्हणजे ‘लॉगिन’. ही दोन अक्षरं चीनमध्ये राहणाऱ्याने ओळखीची करूनच घ्यावीत. पैसे देतानाच्या पानावर रक्कम असते, मित्र जोडतानाच्या पानावर समोरच्याचं नाव असतं, आणि 登录 आलं की समजायचं, कोणीतरी आपल्या खात्यात शिरण्याची परवानगी मागतंय. कोण शिरणार तेही त्याच पानावर असतं: Windows 微信, Mac 微信 किंवा iPad 微信. आवृत्तीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतात, उपकरणाचं नाव मात्र असतं. दुकानातल्या विंडोज संगणकासमोर उभं असताना Windows दिसलं, तर ताळमेळ बसला.

याच्याशी गल्लत होईल असं आणखी एक पान आहे. एखाद्या संकेतस्थळावर किंवा दुसऱ्या ॲपमध्ये ‘वीचॅटने प्रवेश करा’ असं म्हटलं, तर तिथेही परवानगी विचारली जाते. पण तिथे त्या सेवेचं नाव असतं आणि ती आपलं टोपणनाव व फोटो मागते. गप्पा तिच्या हाती जात नाहीत. Windows 微信 मात्र पूर्ण गप्पांचं दार आहे.

आणि आता ती ओळ, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. लॉगिनच्या पानावर बारीक अक्षरांत, शेजारी खूण करायच्या जागेसह, लिहिलेलं असतं:

自动登录该设备

अर्थ असा, की ‘या उपकरणावर आपोआप लॉगिन’. सुरुवातीची दोन अक्षरं 自动 (त्झ-तुंग) म्हणजे ‘आपोआप’. इथे खूण केली, तर पुढच्या वेळी तो संगणक फोनला काही विचारत नाही. वीचॅटच्या खिडकीत आपला फोटो आणि त्याखाली 登录 असं बटण राहतं, ते कोणीही दाबलं की खातं उघडतं. घरच्या संगणकावर ही सोय छान आहे. प्रिंटच्या दुकानात, ग्रंथालयात, कारखान्याच्या सामायिक संगणकावर किंवा हॉटेलच्या लॉबीत मात्र तिचा अर्थ होतो, की आपल्यानंतर त्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण आत येऊ शकतो.

खूण नसेल, तर तेच बटण दाबल्यावर आपल्या फोनवर पुन्हा परवानगीचं पान उगवतं. यात एक फायदा दडलेला आहे. आपण खोलीत बसलेलो असताना, काही स्कॅन न करता ते पान आलं, तर जुन्या जागी कोणीतरी आपलं बटण दाबून पाहतंय. नकार द्यायचा. आपोआपची खूण केली की नेमकी ही विचारणा बंद होते. माझ्या मते या पर्यायातला सगळ्यात मोठा तोटा हाच आहे. दार उघडं राहतं आणि दारावरची घंटाही काढून टाकलेली असते.

काही आवृत्त्यांत शेजारी आणखी एक खूण असते, 同步 या अक्षरांनी सुरू होणारी, म्हणजे अलीकडचे संदेश संगणकावर उतरवण्याची. परक्या संगणकावर तीही नको. एक फाइल छापायला आईशी झालेलं बोलणं तिथे उतरवायची गरज नाही.

असा शिरलेला माणूस काय करेल? वीचॅट पे फोनवर आणि वेगळ्या पासवर्डमागे असतं, त्यामुळे तो थेट पैसे काढू शकत नाही. पण तो आपण होऊ शकतो. वर्गाच्या गटात, खोलीतल्या मैत्रिणीला, गावाकडून आलेल्या सिनियरला ‘थोडे पैसे लागतात, संध्याकाळी देते’ असा निरोप आपल्या नावाने, आपल्या फोटोसह जातो. पैसे जातात ते आपल्या माणसांचे.

फसवणुकीचा दुसरा प्रकार यावरच उभा आहे, आणि त्यात संगणक समोर नसतोच. गटात एक चित्र येतं, ‘शिष्यवृत्तीची यादी पाहण्यासाठी स्कॅन करा’ किंवा ‘मतदानासाठी स्कॅन करा’. चित्रातला कोड ठगाच्या स्वतःच्या पडद्यावरचा लॉगिनचा कोड असतो. आपण स्कॅन करतो, खात्रीचं पान येतं, आणि यादी पाहायच्या घाईत हिरवं बटण दाबलं की खातं त्याच्याकडे उघडतं. ओळखायचं कसं? मतदानाला 登录 Windows लागत नाही. iPad 微信 असं आलं आणि आसपास आपला आयपॅड नसेल, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. आणखी एक खूण म्हणजे घाई. कोड काही मिनिटांत बाद होतो, म्हणून समोरचा ‘लगेच कर, लगेच कर’ म्हणत राहतो.

आपल्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिला फक्त दोन फाइली हव्या होत्या. त्यासाठी पूर्ण लॉगिन करायची गरजच नव्हती. दुकानाच्या ब्राउझरमध्ये filehelper.weixin.qq.com हा पत्ता उघडला, तर तिथेही क्यूआर कोड येतो, पण तो स्कॅन केल्यावर उघडते ती केवळ फाइल पाठवायची जागा. फोनवरून तिथे फाइल टाकायची, संगणकावर उतरवायची. गप्पा, संपर्क, गट यातलं काही दिसत नाही. प्रिंटच्या दुकानासाठी याहून बरा रस्ता मला माहीत नाही.

पण समजा, तिने घाईत नेहमीसारखं लॉगिन केलं आणि 自动 वर खूणही राहिली. होस्टेलवर आल्यावर आठवलं. फोनवर गप्पांच्या यादीच्या माथ्यावर ‘Windows 微信 已登录’ अशी पट्टी दिसते का, ते आधी पाहावं. दिसली, तर तिच्यावर बोट ठेवून 退出 (थुई-छू, बाहेर पडा) निवडावं. पट्टी नसली तरी काम संपलं असं मानू नये, कारण आपोआपची सवलत त्या संगणकाकडे राहिलेली असू शकते. म्हणून सेटिंगमध्ये 账号与安全 (खातं आणि सुरक्षा) उघडून 登录过的设备 म्हणजे ‘लॉगिन झालेली उपकरणं’ ही यादी काढावी. तिथे संगणकाचं नाव असतं. आपला नसलेला प्रत्येक संगणक खोडून टाकावा.

एवढं करूनही एक गोष्ट मागे राहते, आणि ती फोनवरून पुसता येत नाही. विंडोजवर वीचॅट आलेल्या फाइली डॉक्युमेंट्समधल्या WeChat Files नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं (नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव xwechat_files). संदेश तिथे कुलूपबंद स्वरूपात असतात, पण उतरवलेली पीडीएफ साध्या पीडीएफसारखी उघडते. लॉगआउट केल्याने ती जात नाही. तेव्हा तिने उद्या त्या दुकानात परत जावं, फोल्डरमधून पासपोर्टची प्रत शोधून डिलीट करावी आणि मग रिसायकल बिनही रिकामी करावी.