तासाचा भाव आणि जानेवारीची तंगी

सांगलीत घरी बसून अमेरिकेतल्या दुकानांसाठी ग्राफिक डिझाइन करणाऱ्या मुलीचं उदाहरण घेऊ. अपवर्क किंवा फायव्हरवर खातं उघडलं की पहिला प्रश्न येतो तो दराचा. बहुतेक जण हिशेब असा मांडतात: घरखर्च महिना 45 हजार, कामाचे तास 160, म्हणजे तासाला 281 रुपये. डॉलरचा भाव 85 धरला, तर जेमतेम 3.3 डॉलर. कामं मिळतात, पण वर्ष संपताना हातात काही राहत नाही.

चूक 160 या आकड्यात आहे. ती आठवड्याला 40 तास बसत असली, तरी पैसे मिळतात ते फार तर 22 तासांचे. प्रस्ताव लिहिणं, ग्राहकाशी बोलणं, नमुने दाखवणं, फुकटच्या दुरुस्त्या, हिशेब यांत बाकीचे तास जातात. गणपती, दिवाळी आणि आजारपण मिळून सहा आठवडे वजा केले, तर वर्षात 46 आठवडे उरतात, म्हणजे साधारण 1000 तास.

आता खर्चाची बाजू पाहू. घराचे 45 हजार, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि पुढच्या लॅपटॉपसाठी 8 हजार, आरोग्य विमा आणि म्हातारपणाची तजवीज 6 हजार, कोरड्या महिन्यांसाठी 6 हजार. एकूण 65 हजार, वर्षाचे 7 लाख 80 हजार. भागिले 1000 तास, म्हणजे तासाला 780 रुपये, तेही हातात पडणारे. 10 टक्के कमिशन धरलं तर दर 867 रुपये होतो. डॉलरचे रुपये करताना थोडी घट होते, ती धरून साडेदहा डॉलर. आधीच्या दराच्या तिपटीहून जास्त! फायव्हर 20 टक्के कापतं. अपवर्कवर मे 2025 पासून नव्या करारांवर कमिशन 0 ते 15 टक्क्यांपर्यंत बदलतं, म्हणून दर सांगण्याआधी त्या करारावरचा आकडा पाहावा. ठोक रकमेच्या कामालाही हेच तास मोजावेत आणि दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील ते आधीच लिहून द्यावं.

दर जमला की एखादा मोठा ग्राहक मिळतो. धोका तिथून सुरू होतो, कारण नव्या प्रस्तावांची गरज वाटेनाशी होते. समजा महिन्याला 80 हजार हातात येतात आणि त्यातले 52 हजार एकाच ग्राहकाचे आहेत. माझ्या मते निम्म्यावरची रक्कम, म्हणजे वरचे 12 हजार, घरात आणूच नयेत. ठरलेल्या 6 हजारांसोबत ते बाजूला ठेवले, तर सहा महिन्यांत 1 लाख 8 हजार साठतात. तो ग्राहक गेला तर उरतात 28 हजार आणि घर, काम, विमा मिळून खर्च आहे 59 हजार. ही तूट ती साठवण साडेतीन महिने भरून काढते. नवा ग्राहक शोधायला तेवढा काळ खरोखर लागतो. ग्राहक जाण्याआधी खुणा दिसतात. मालकाऐवजी नवा व्यवस्थापक बोलू लागतो, आठवड्याचे तास घटतात, पुढच्या कामाची तारीख कोणी सांगत नाही. यातली दुसरी खूण दिसली की त्याच आठवड्यात प्रस्ताव सुरू करावेत.

अवलंबित्व मंचावरही असतं. खात्यावरचे अभिप्राय दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि नियम मोडून ग्राहकाशी बाहेर व्यवहार केला तर खातंच बंद होऊ शकतं. म्हणून कामाचे नमुने, ते दाखवण्याची ग्राहकाची लेखी परवानगी आणि व्यवहाराची विवरणपत्रं स्वतःकडे उतरवून ठेवावीत.

सगळ्यात कठीण काळ दिवाळीनंतर येतो. दिवाळीत आपण काम थांबवतो आणि खर्च वाढवतो. पाठोपाठ ख्रिसमससाठी ग्राहक थांबतात. 20 डिसेंबरच्या सुमारास काम बंद झालं, तर अपवर्कवर तासावर केलेल्या कामाचे पैसे आठवडा संपल्यावर सुमारे दहा दिवसांनी मिळतात, म्हणजे महिनाअखेरीस. मग 12 जानेवारीला काम पुन्हा सुरू झालं, तरी त्याचे पहिले पैसे 28 तारखेच्या आसपास येतात. जवळजवळ अख्खा जानेवारी खात्यात काही पडत नाही, आणि घरचे हप्ते मात्र 5 तारखेलाच कापले जातात.

यावर उपाय दोन खात्यांचा. सगळी कमाई एका खात्यात यावी आणि दर महिन्याच्या 1 तारखेला ठरावीक पगार घरच्या खात्यात जावा. हा पगार गेल्या 12 महिन्यांतल्या सर्वांत कमी तीन महिन्यांच्या सरासरीवर बेतावा, चांगल्या महिन्यांवर नको. आणि जानेवारीच्या कामाचे प्रस्ताव ऑक्टोबरातच, आकाशकंदील लावण्याआधी, पाठवायला घ्या.