भरलेल्या छातीत आणखी एक श्वास

चिंचवडची चौतीस वर्षांची एक बँक कर्मचारी. मार्चअखेरीचं काम, घरी सासऱ्यांचं आजारपण आणि गेले तीन आठवडे एकच तक्रार: "श्वास पूर्ण येतच नाही. छातीत कुठंतरी अर्ध्यावर अडतो." दर मिनिटाला-दोन मिनिटांना ती खांदे उचलून मोठा श्वास ओढते. दहा प्रयत्नांत एखादा श्वास 'लागतो', म्हणजे तळापर्यंत गेल्यासारखा वाटतो, आणि क्षणभर बरं वाटतं. बाकीचे नऊ वाया जातात. मध्येच जांभया सुरू होतात. झोप आलेली नसताना एकामागून एक, आणि त्यातल्या निम्म्या अर्ध्यावरच विरतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "दृष्ट लागली असेल." ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "थकवा आहे." तिला स्वतःला वाटतं, हृदयाचं काहीतरी आहे. कोविडच्या दिवसांत घेतलेलं ऑक्सिमीटर ती बोटाला लावते, तर आकडा ९९. पण त्यानं धीर येत नाही, उलट भीती वाढते. ऑक्सिजन इतका आहे, मग श्वास का पुरत नाही?

ही बाई कुणी एक व्यक्ती नाही. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या हकिगती एकत्र करून तिचं चित्र उभं केलं आहे. मात्र तिला पडलेला प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर ऑक्सिजनमध्ये शोधणारा माणूस चुकीच्या ठिकाणी शोधतो.

सुरुवात सुस्काऱ्यापासून करायला हवी. सुस्कारा म्हणजे दुःखाचा उद्गार, असं आपण समजतो. शरीराच्या हिशेबात मात्र ते फुप्फुसांच्या देखभालीचं काम आहे. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. शांत, छोट्या श्वासांवर तासन्‌तास राहिलं की त्यातले काही मिटून जातात. ते पुन्हा उघडायला नेहमीच्या श्वासाच्या साधारण दुप्पट श्वास लागतो. म्हणून प्रत्येक निरोगी माणूस नकळत दर पाचेक मिनिटांनी, म्हणजे तासाला सुमारे १२ वेळा, एक सुस्कारा सोडतो. झोपेतही सोडतो. भूल देऊन कृत्रिम श्वास चालू ठेवलेल्या रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन हळूहळू घटतो, हे बेन्डिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवलं. एकसारख्या मापाच्या श्वासांत मोठा श्वास येतच नव्हता, आणि तो दिल्यावर सुधारणा दिसली. २०१६ साली जॅक फेल्डमन आणि मार्क क्रॅस्नो यांच्या गटांनी उंदरांच्या मेंदूच्या बुंध्यात हा आदेश देणारा चेतापेशींचा छोटा संच शोधून काढला. तो श्वासाची लय ठरवणाऱ्या केंद्राला कळवतो: हा श्वास दुप्पट घे.

म्हणजे सुस्कारा ही गरज आहे. बिघाड होतो तो त्याची संख्या वाढते तेव्हा.

चिंता सुरू झाली की शरीर पळायची किंवा भिडायची तयारी करतं. श्वासाचा वेग आणि खोली वाढते, मान आणि छातीचे स्नायू ताठरतात, पोट आवळलं जातं. खुर्चीत बसलेल्या माणसाला पळायचं मात्र नसतं. त्यामुळे स्नायू जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार करतात, त्याहून जास्त बाहेर फेकला जातो. रक्तातला त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर असतो, तो खाली येऊ लागतो. श्वासाची ओढ मुख्यतः याच वायूवर चालते, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी प्रिस्टली यांच्या साथीनं १९०५ मध्येच दाखवलं होतं. दाब घटला की मेंदू श्वासाला थोडा लगाम घालतो. माणसाला वाटतं, आपण श्वास घ्यायचा विसरलोच की काय! तो घाबरून पुन्हा मोठा श्वास ओढतो. दाब आणखी घटतो.

या घसरणीचे परिणाम अंगावर दिसतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. दाब ४० वरून ३० पर्यंत आला तर तिथला रक्तप्रवाह सुमारे पाव भागानं घटू शकतो. म्हणून डोकं हलकं होतं, आजूबाजूचं जग जरा दूर गेल्यासारखं वाटतं. रक्तातली आम्लता कमी होते, मोकळं कॅल्शियम घटतं, आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मूळ तक्रार होती 'श्वास पुरत नाही'. तिच्यावर आता 'चक्कर येते, हात बधिर होतात' याची भर पडते, आणि हृदयाची शंका पक्की होते.

पण छाती अडल्यासारखी का वाटते? या सगळ्यातला हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. आकडे जरा सोपे करून पाहू. एका प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत पूर्ण भरल्यावर सुमारे ६ लिटर हवा मावते, असं धरा. शांत श्वास सोडल्यावरही आत सुमारे अडीच लिटर उरते, आणि नेहमीचा श्वास म्हणजे अर्धा लिटर. म्हणजे वर तीन लिटरची जागा शिल्लक असते. आता चिंताग्रस्त माणूस काय करतो? मोठा श्वास घेतो, पण तो पूर्ण न सोडताच पुढचा घेतो. प्रत्येक वेळी थोडी हवा आत उरते. उरता उरता शिल्लक अडीचवरून साडेतीन-चार लिटरवर जाते. आता ताणायला जागा थोडी, आणि ताणलेल्या छातीच्या स्नायूंना प्रत्येक घोट हवा ओढायला दुप्पट कष्ट. भरलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखी गत. मेंदूला कळतं ते इतकंच: हुकूम मोठा दिला आणि छाती थोडीच फुगली. या तफावतीलाच माणूस 'श्वास अर्ध्यावर अडतो' म्हणतो. अडवलं असतं ते आधी न सोडलेल्या हवेनं.

अशा वेळी चारचौघे म्हणतात, "दीर्घ श्वास घे." हेतू चांगला आहे, सल्ला उलटा आहे.

बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठात एल्के व्लेमिंक्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मानसिक ताणाच्या कामानंतर येणारे सुस्कारे तपासले. आपोआप आलेल्या सुस्काऱ्यानंतर स्नायूंचा ताण उतरायचा. सांगून, मुद्दाम घ्यायला लावलेल्या सुस्काऱ्यानं तसा दिलासा मिळाला नाही. चिंतेत अडकलेल्या माणसाला नेमकी हीच चूक घडते. एखादा मोठा श्वास 'लागतो' तेव्हा क्षणभर सुटका होते, आणि त्या सुटकेच्या मागं लागून तो तासाला १२ ऐवजी पन्नास वेळा श्वास ओढू लागतो.

जांभईचं वेगळं आहे. ऑक्सिजन कमी पडला म्हणून जांभई येते, ही समजूत रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये तपासून पाहिली. माणसांना शुद्ध ऑक्सिजन दिला, जास्त कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली, पण जांभयांची संख्या बदलली नाही. दुसरीकडे, पहिल्या उडीच्या आधी छत्रीधारी सैनिक जांभया देतात, ही नोंद जुनी आहे. शरीर सावधतेची एक पातळी सोडून दुसरीकडे जाताना जांभई येते, असं म्हणणं अधिक जुळतं. परीक्षेआधी, मुलाखतीच्या रांगेत, स्टेजमागं येणाऱ्या जांभया त्याच जातीच्या. जांभईत जबडा आणि छाती ताणली जाते. म्हणून श्वास न पुरल्याची भावना असलेला माणूस नकळत तिच्या शोधात राहतो, तोंड उघडून ती ओढून आणतो आणि ती अर्धीच सुटली की पुन्हा अस्वस्थ होतो. एक गोष्ट इथं सांगायला हवी: चिंता आणि नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या काही गोळ्यांनीही जांभया वाढतात. नवी गोळी सुरू झाल्यावर त्या वाढल्या असतील तर डॉक्टरांना सांगावं, गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

ही ओळख जुनीच आहे. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल व्हाइट यांनी १९२९ मध्ये सहकाऱ्यासह या सुस्काऱ्यांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि हृदयविकाराच्या धापेपासून ते वेगळे ओळखावेत असं सांगितलं. फरक आजही उपयोगी पडतो. हृदयाची किंवा फुप्फुसाची धाप बहुधा जिन्यावर वाढते. सुस्काऱ्यांची तक्रार बसल्या जागी, टीव्हीसमोर, मीटिंगमध्ये अधिक असते आणि भाजी आणायला गेलं की अनेकदा विसरायला होते. अर्थात ही खूण आहे, खात्री नव्हे. धाप चालताना वाढत असेल, आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल, रात्री धाप लागून जाग येत असेल, पाय सुजत असतील, शिट्टीसारखा आवाज, ताप किंवा छातीत दाबल्यासारखी वेदना असेल, किंवा एका पायाच्या पोटरीत सूज-दुखणं असून अचानक श्वास लागला असेल, तर चिंतेचं कारण गृहीत न धरता लगेच तपासणी हवी. रक्तक्षय, थायरॉइड, दमा आणि मधुमेहातला बिघाडही याच वेशात येतो. चिंचवडच्या त्या बाईचा ईसीजी, छातीचा एक्सरे, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक निघाल्यावरच पुढचं बोलणं सुरू झालं.

एक मर्यादाही सांगायला हवी. ही सारी लक्षणं कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळेच येतात, असं पूर्वी मानलं जायचं. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रुग्णांना जोरात श्वास घ्यायला लावला, पण काही वेळा तो वायू घटू न देण्याची गुप्त व्यवस्था केली. तरीही बऱ्याच जणांना तीच ओळखीची लक्षणं जाणवली. म्हणजे वायूची घसरण हा एक धागा आहे. श्वासावर सतत लक्ष ठेवणं आणि त्याचा धसका घेणं हा दुसरा, तितकाच मजबूत.

त्या बाईला फिजिओथेरपिस्टनं शिकवलं ते याला धरूनच होतं. खुर्चीला टेकायचं, एक हात छातीवर, एक पोटावर. आधी श्वास सोडायचा, ओठ जरा आवळून, हळू, घाई न करता. मग क्षणभर थांबायचं. पुढचा श्वास नाकानं, मुद्दाम लहान, पोटावरचा हात उचलेल इतकाच. वरचा हात हलू नये. हे रोज दोनदा दहा मिनिटं, आणि तक्रार नसतानाच, म्हणजे सवय लागते. मोठ्या श्वासाची ओढ आली की आवंढा गिळायचा आणि सावकाश श्वास सोडत ती लाट जाऊ द्यायची. सुरुवातीला हवेची भूक वाढल्यासारखी वाटते. कार्बन डायऑक्साइड वर येताना तसं होतंच, आणि बहुतेक जण इथंच सोडून देतात. म्हणून ते आधीच सांगितलेलं बरं. भस्त्रिका किंवा कपालभाती या काळात टाळलेली बरी, कारण जोरजोरात श्वास हलवण्यात हा वायू आणखी बाहेर जातो. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय तर आता करूच नये, कारण धाप खरोखर हृदयाची किंवा फुप्फुसाची असली तर त्यानं ऑक्सिजन धोकादायक खाली जाऊ शकतो.

आठवडाभर तिला फरक वाटला नाही. दुसऱ्या आठवड्यात दुपारचे दोन तास सुस्काऱ्याविना गेले, हे तिला संध्याकाळी आठवलं. चिंतेसाठी समुपदेशनही सुरू झालं. जूनमध्ये तिमाहीच्या बंदीला जांभया परत आल्या, तेव्हा तिनं ऑक्सिमीटर कपाटातून काढलं नाही. आधी श्वास सोडला.