जुना व्हिडिओ पुन्हा कधी चालतो

दिवाळी जवळ आली की यूट्यूबवर चकलीची शोधाशोध सुरू होते. आणि तेव्हाच एखाद्या काकूंनी दोन-तीन वर्षांपूर्वी मन लावून केलेला, भाजणी दळण्यापासून तळणीपर्यंत सगळं नीट दाखवणारा व्हिडिओ कोपऱ्यात पडून असतो. घरातून सल्ला येतो, ‘थंबनेल बदल, शीर्षक जरा चटपटीत कर.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. शीर्षक, थंबनेल आणि वर्णन बदलून एकच दुखणं बरं होतं. आपल्या व्हिडिओला तेच दुखणं आहे की दुसरं, हे आधी पाहावं लागतं.

ते पाहण्याची जागा म्हणजे यूट्यूब स्टुडिओ. तिथे तो व्हिडिओ उघडून अ‍ॅनालिटिक्समधल्या Reach या भागात गेलं की दोन आकडे समोर येतात. पहिला Impressions, म्हणजे आपलं थंबनेल किती वेळा कुणाच्या पडद्यावर आलं. ते किमान निम्मं आणि एका सेकंदाहून जास्त वेळ दिसलं, तरच मोजलं जातं. दुसरा Impressions click-through rate, म्हणजे त्यातल्या शंभरांपैकी किती वेळा लोकांनी त्यावर बोट ठेवलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून मिळालेले प्रेक्षक या हिशेबात येत नाहीत. त्यामुळे एकूण व्ह्यूज आणि हे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळून जायचं कारण नाही.

उदाहरण म्हणून आपल्या काकूंच्या चकलीचे आकडे असे धरू: दिवाळीच्या आधीच्या महिन्याभरात थंबनेल 40,000 वेळा दिसलं आणि क्लिकचं प्रमाण 1.8 टक्के, म्हणजे 720 वेळा व्हिडिओ उघडला गेला. यूट्यूब स्वतः सांगतं की निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतं. पण त्याहून जवळची मोजपट्टी आपल्याच चॅनेलवर असते. काकूंच्या चिवड्याच्या व्हिडिओला 4.5 टक्के मिळत असतील, तर चकलीचं काहीतरी बिनसलंय हे उघड आहे. आता तिसरा आकडा बघायचा: उघडलेल्यांपैकी 30 सेकंदांनंतर किती जण टिकले? इथे समजा 70 टक्के टिकले. म्हणजे व्हिडिओ दाखवला जातोय, उघडणारे तो बघतातही, फक्त उघडणारेच कमी आहेत. हेच ते दुखणं.

उलट, थंबनेल चांगलं उघडलं जातंय पण पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्म्याहून जास्त लोक पळतायत, असं असेल तर नवं थंबनेल नुकसानच करील, कारण जास्त लोक येतील आणि जास्त लोक निघून जातील. अशा व्हिडिओत बहुधा सुरुवातीलाच फिरणारा लोगो, संगीत आणि लांबलचक नमस्कार असतो. यूट्यूबवर जुन्या व्हिडिओच्या जागी नवी फाइल चढवता येत नाही, पण स्टुडिओतल्या एडिटरमध्ये नको असलेला तुकडा कापता येतो. लिंक, प्रतिक्रिया आणि व्ह्यूज जसेच्या तसे राहतात. म्हणून व्हिडिओ काढून पुन्हा चढवू नका. तसं केलं की हे सगळं हातचं जातं.

तिसरी शक्यता अशी की Impressions मुळातच शे-दोनशे आहेत. तेवढ्यावरून थंबनेल वाईट आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण ते पुरेशा लोकांना दिसलेलंच नाही.

काकूंच्या व्हिडिओकडे परत येऊ. त्याचं शीर्षक आहे ‘दिवाळी फराळ भाग 6 | चकली | आईच्या हातची चव’. जो काकूंना ओळखत नाही त्याला यातून काय कळणार? भाग सहावा आहे म्हटल्यावर आधीचे पाच बघावे लागतील की काय, असंच वाटणार. नवं शीर्षक सुचवायला प्रेक्षकच मदत करतात. Reach मध्ये प्रेक्षक कुठून आले याची यादी असते. त्यातल्या YouTube search वर गेलं की लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात, आणि आपली माणसं मराठी शोधतात ती बरेचदा रोमन अक्षरांत: `bhajani chakli recipe in marathi`, `chakli mau ka padte`, `chakli telat virghalte`. हे शब्द खालच्या प्रतिक्रियांतही सापडतात. ‘काकू, माझी चकली तेलात विरघळली, काय करू?’ असं तीन-चार जणींनी विचारलं असेल, तर शीर्षक तुमच्या हातात आलंच.

पण आधी खात्री करायची की त्याचं उत्तर व्हिडिओत खरोखर आहे. समजा आहे. सातव्या मिनिटाला काकू सांगतात की चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, भिजवलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मळून घ्या. कडक झाली तर मोहन कमी पडलंय. मऊ पडली तर तेल पुरेसं तापलं नव्हतं किंवा घाईने बाहेर काढली. व्हिडिओतली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं हीच, आणि शीर्षकात त्यांचा मागमूस नाही. मग शीर्षक असं करता येईल: ‘भाजणीची चकली विरघळते, मऊ पडते? मोहन आणि तेलाचा अंदाज | Bhajani Chakli’. मर्यादा 100 अक्षरांची आहे, पण फोनवर पुढचा भाग कापला जातो. म्हणून कामाचे शब्द आधी आणि रोमन अक्षरांतलं नाव शेवटी. ‘भाजणीची चकली’ हे शब्द मुद्दाम ठेवलेत, कारण जे थोडे लोक शोधातून येत होते ते याच शब्दांनी येत होते. चटपटीत करण्याच्या नादात ‘ही चूक तुम्हीपण करता का?’ असं लिहिलं असतं, तर तेही तुटले असते.

थंबनेलचंही तसंच. जुन्यात ताट, पणती, रांगोळी, काकूंचा फोटो आणि वर चार ओळी मजकूर. चित्र 1280 बाय 720 पिक्सेलचं करायचं असतं, पण बघणाऱ्याच्या फोनवर ते बोटभर रुंदीचं होतं. तेवढं लहान करून, हात लांब धरून पाहावं. देवनागरीची एक अडचण इथे फार जाणवते: वेलांट्या, रफार, उकार आणि जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत घुसतात. म्हणून ठसठशीत अक्षर आणि फार तर दोन-तीन शब्द घ्यावेत, वर-खाली मात्रांना जागा सोडावी. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही ठेवू नये, तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. काकूंच्या नव्या थंबनेलवर मी एकच चकली ठेवीन, मधोमध मोडलेली, आतली पोकळ नळी जवळून दिसेल अशी. शेजारी तेलात पसरलेली बिघडलेली चकली आणि ‘मोहन किती?’ एवढेच शब्द. चकली करणाऱ्या बाईला त्या नळीवरून सगळं कळतं.

वर्णनाचं काम वेगळं आहे. त्यामुळे क्लिक फारशा वाढत नाहीत, पण व्हिडिओ कशाबद्दल आहे हे शोधयंत्रणेला आणि प्रेक्षकाला त्यातून कळतं. पहिल्या दोन ओळीच न उघडता दिसतात. काकूंच्या वर्णनात त्या जागी इन्स्टाग्रामची लिंक आहे. ती खाली ढकलावी आणि वर साध्या वाक्यांत व्हिडिओत काय आहे ते लिहावं. मग भाजणीचं प्रमाण, आणि त्यानंतर प्रकरणांच्या वेळा:

```
00:00 चांगली चकली कशी ओळखायची
01:10 भाजणीचं प्रमाण
04:20 मोहन आणि उकड
07:05 चकली विरघळली, मऊ पडली तर
```

पहिली वेळ 00:00 हवी, वेळा क्रमाने आणि किमान तीन हव्यात, आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा हवा. नाहीतर प्रकरणं दिसतच नाहीत. टॅग्ज भरण्यात संध्याकाळ घालवू नये. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार त्यांचा उपयोग मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगने शोधल्या जाणाऱ्या शब्दांपुरता आहे.

आता बदल केला, पुढे काय? नुसता बदल केला म्हणून यूट्यूब व्हिडिओ पुन्हा वर आणतं, हा समज खूप पसरलाय. यूट्यूबचं म्हणणं स्पष्ट आहे की फरक पडलाच तर तो प्रेक्षक नव्या शीर्षकाला वेगळा प्रतिसाद देतात म्हणून पडतो. त्यामुळे जो जुना व्हिडिओ शोधातून हळूहळू पण नियमित प्रेक्षक आणतोय, त्याला हात लावू नये.

संगणकावर स्टुडिओ उघडला तर एका व्हिडिओसाठी तीनपर्यंत थंबनेल एकाच वेळी तपासून पाहण्याची सोय 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मिळू लागली आहे. तिथे विजेता ठरतो तो बघितल्या गेलेल्या वेळेवरून, फक्त क्लिकवरून नाही. चाचणीला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात, आणि थंबनेल फारच थोड्यांना दिसत असेल तर निकाल लागतही नाही. छोट्या चॅनेलने ते मनाला लावून घेऊ नये. 500 वेळा दिसून 9 क्लिकच्या जागी 15 झाल्या, तर तो योगायोगही असू शकतो. आपल्या उदाहरणासारखे 40,000 वेळा दिसून 1.8 चे 4 टक्के झाले, म्हणजे 720 च्या जागी 1,600 वेळा व्हिडिओ उघडला गेला, तर ते खरं.

फराळाच्या व्हिडिओत तुलनेचा एक मोठा सापळा आहे. ऑक्टोबरमध्ये थंबनेल बदललं आणि व्ह्यूज पाचपट झाले, तर ते थंबनेलमुळे की दिवाळीमुळे? गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करूनही भागत नाही. 2024 ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, 2025 ची ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तारखा न जुळवता लक्ष्मीपूजनाच्या आधीचे तीस दिवस दोन्ही वर्षांत निवडावेत. स्टुडिओत हव्या त्या तारखांचा कालावधी घेता येतो. आणि बघायचं ते क्लिकचं प्रमाण आणि सरासरी किती वेळ पाहिलं ते. प्रमाण थोडं घसरूनही Impressions खूप वाढले असतील तर घाबरू नये. व्हिडिओ अनोळखी लोकांपुढे जाऊ लागला की प्रमाण उतरतंच.

प्रमाण वाढलं पण पाहण्याचा सरासरी वेळ कोसळला, तर मात्र शीर्षक जास्त बोलून गेलंय. ते त्याच दिवशी सौम्य करावं. जे व्हिडिओत नाही ते थंबनेलवर दाखवणं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही, आणि डिसेंबर 2024 मध्ये भारतातल्या अशा फसव्या शीर्षकांवर कारवाई कडक करण्याची घोषणा झाली आहे, विशेषतः बातम्या आणि चालू घडामोडींच्या बाबतीत.

हे सगळं करून एक दिवाळी गेली, लोकांना थंबनेल पुरेसं दिसलं आणि प्रमाण जागचं हललं नाही, तर त्या व्हिडिओवर आणखी वेळ घालवू नये. मग सातव्या मिनिटाचा तो भाग घेऊन नवा, छोटा व्हिडिओ करावा, ‘चकली बिघडली तर’ एवढ्याच विषयावर. जुन्याच्या वर्णनात पहिल्या ओळीत आणि त्याच्या शेवटच्या पडद्यावर नव्याची लिंक द्यावी. आणि हे काम दिवाळीच्या आठवड्यात न करता महिना-दीड महिना आधी करावं, म्हणजे घराघरात भाजणी दळायला जाते तेव्हा तो व्हिडिओ शोधात दिसू लागलेला असेल.