सहापैकी साडेचार

पॉलिटेक्निकच्या सिव्हिल शाखेत दुसऱ्या वर्षाला मेकॅनिक्सचा पेपर असतो, आणि त्यात ओव्हरहँगिंग बीमचा सहा मार्कांचा प्रश्न हमखास भीती घालतो. अशाच एका जुन्या पेपरातल्या प्रश्नावरून एखादा विद्यार्थी आपल्या लेक्चररना मेल करतो, तेव्हा त्याला नेमकं काय विचारायचं असतं? खालचं उदाहरण मी बेतलेलं आहे, पण आकडे पडताळून पाहिलेले आहेत.

‘सर, नमस्कार. मागच्या विंटर पेपरातला बीमचा प्रश्न सोडवला. सोडवल्याचा फोटो सोबत जोडला आहे. मॉडेल आन्सर पाहिलं तर माझी पहिलीच रिअ‍ॅक्शन चुकली आहे, त्यामुळे पुढचे सगळे आकडे वेगळे आले. पण पद्धत तीच आहे. अशा वेळी सहापैकी किती मार्क मिळतात? पुढच्या पायऱ्यांचे मार्क जातात का?’

मेल छोटा आहे, तरी त्यात सरांना लागणारं सगळं आहे: कोणता पेपर, कोणता प्रश्न, स्वतःचं उत्तर, आणि नेमकी अडचण. ‘सर, मार्किंग स्कीम पाठवा ना’ एवढंच लिहिलं असतं तर सरांनी मॉडेल आन्सर बघायला सांगितलं असतं, आणि ते रास्तच झालं असतं. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ जुन्या पेपरांची मॉडेल आन्सर्स उपलब्ध करून देतं. त्यात पायरीसमोर मार्क लिहिलेले असतात. पण ते सगळे बरोबर सोडवणाऱ्याचे मार्क. मधेच घसरलेल्याचं काय होतं, हे त्या कागदावर दिसत नाही, आणि मेल लिहिणाऱ्याला तेच हवं आहे.

आता प्रश्न पाहू. सहा मीटर लांबीचा बीम आहे. डाव्या टोकाला A हा आधार, तिथून चार मीटरवर B हा दुसरा आधार, आणि त्यापुढे दोन मीटर बीम C पर्यंत मोकळा बाहेर आलेला. पूर्ण लांबीवर मीटरमागे दहा किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार, म्हणजे एकूण साठ. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढा, आणि कॉन्ट्राफ्लेक्शरचा बिंदू शोधा, म्हणजे बीमचा बाक जिथे उलटतो ती जागा.

साठ किलोन्यूटनचा भार बीमच्या मध्यावर, A पासून तीन मीटरवर, एकवटला आहे असं धरायचं. A भोवती मोमेंट घेतला की १८० येतो, त्याला चारने भागलं की B ची रिअ‍ॅक्शन ४५, आणि उरलेले १५ A च्या वाट्याला. A पासून दीड मीटरवर शिअर शून्य होतो. तिथे बेंडिंग मोमेंट ११.२५ किलोन्यूटन-मीटर. B वर मात्र तो उणे २०. बाक उलटण्याची जागा 15x − 5x² = 0 या समीकरणातून निघते: A पासून बरोबर तीन मीटर.

अशा प्रश्नाचे सहा मार्क साधारण असे वाटले जातात: रिअ‍ॅक्शनला एक, शिअरच्या किमतींना एक, मोमेंटच्या किमतींना एक, दोन आकृत्यांना एकेक, आणि कॉन्ट्राफ्लेक्शरला एक. म्हणजे ज्या रिअ‍ॅक्शनवर सगळी इमारत उभी, तिला सहातला फक्त एक मार्क. विद्यार्थ्याला वाटतं पाया ढासळला की सगळं गेलं. तपासणाऱ्याच्या वहीत पायाची किंमत एकच असते.

आपल्या विद्यार्थ्याने गुणाकाराच्या घाईत १८० ऐवजी १६० लिहिले. त्यामुळे B वर ४० आणि A वर २० आले. समीकरण बरोबर मांडलं होतं, म्हणून रिअ‍ॅक्शनचा अर्धा मार्क राहिला. मंडळाच्या परीक्षकांना दिलेल्या सूचनांत, गणिती प्रश्नांना पायरीनिहाय गुण द्यावेत असं म्हटलेलं असतं. पुढे शिअर: A वर २०, B च्या डावीकडे उणे २०, उजवीकडे २०, C वर शून्य. त्याच्या रिअ‍ॅक्शन धरल्या तर हे चोख आहे, म्हणून किमतींचा आणि आकृतीचा असे दोन्ही मार्क पूर्ण. इंग्लंडच्या ए-लेव्हल गणितात हेच अधिक उघडपणे लिहिलेलं असतं: पद्धतीचे मार्क वेगळे, अचूक उत्तराचे वेगळे, आणि चुकीच्या आकड्यावरून पुढे नीट गेलेल्याला मिळणारे वेगळे.

मोमेंटमध्ये गंमत होते. चुकलेल्या रिअ‍ॅक्शननुसार A पासून दोन मीटरवर मोमेंट २० येतो, आणि पद्धत बरोबर असल्याने किमतींचा मार्क मिळतो. B वरचा मोमेंट त्याने उजवीकडून काढला, म्हणून तिथे रिअ‍ॅक्शनचा संबंधच आला नाही आणि उणे २० हे उत्तर बरोबर निघालं. मात्र कॉन्ट्राफ्लेक्शरसाठी त्याने 20x − 5x² = 0 सोडवलं आणि x = 4 काढलं. म्हणजे त्याच्याच कागदावर B वरचा मोमेंट उणे वीसही आहे आणि शून्यही. दोन्ही खरं असू शकत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याची शिअरची आकृती शेवटी बरोबर शून्यावर आली, त्यामुळे तो निश्चिंत झाला. पण शिअरची आकृती फक्त एवढंच सांगते की दोन्ही रिअ‍ॅक्शनची बेरीज भाराइतकी आहे. ४० आणि २० ची बेरीजही साठच आहे. वाटणी चुकली आहे की नाही हे मोमेंट सांगतो: B वरचा मोमेंट डावीकडून काढा, उजवीकडून काढा, दोन्ही जुळले नाहीत तर रिअ‍ॅक्शन तपासा. यात अर्धा मिनिट जातं, आणि सत्तर मार्कांच्या तीन तासांच्या पेपरात सहा मार्कांच्या प्रश्नाला पंधरा मिनिटं मिळतात.

म्हणून सर मोमेंटच्या आकृतीला अर्धा मार्क धरतील, कारण वक्र कोणत्या किमतीतून जातो हेच ठरत नाही. शून्य मोमेंटचं समीकरण मांडल्याबद्दल कॉन्ट्राफ्लेक्शरचा अर्धा. एकूण साडेचार. दुसरे एखादे परीक्षक चार देतील. शेवटच्या पायरीबद्दल मतभेद होण्यासारखाच आहे. चुकीच्या आकड्याने प्रश्न सोपा झाला असेल तर त्या पायरीचे पूर्ण मार्क देऊ नयेत असं मलाही वाटतं. चार मीटरवर, आधारावरच येऊन थांबणारं उत्तर विद्यार्थ्याला स्वतःला खटकायला हवं होतं.

सरांनी उत्तरात आणखी एक ओळ लिहावी लागेल, आणि बहुतेक सर ती लिहितातच: ही वाटणी या पेपरापुरती. पुढच्या पेपरात कॉन्ट्राफ्लेक्शर विचारला नसेल तर त्याचा मार्क किमतींकडे किंवा आकृत्यांकडे सरकतो, आणि उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक वेगळेच असतात. आकृतीत मात्र बहुतेकांची नजर एकाच गोष्टींकडे जाते: मोमेंटचा वक्र सरळ रेषेने जोडलेला नाही ना, किमती आणि चिन्हं लिहिली आहेत ना, आणि दोन्ही आकृत्या बीमच्या बरोबर खाली, त्याच मापाने उतरल्या आहेत ना.